वेव्ह पाइपलायनिंगने रजिस्टर न घालता स्पीड मिळतो, मग सगळे वापरत का नाहीत? क्लॉक जरा कमी ठेवला की चालेल ना?

नाही चालणार. 'क्लॉक कमी कर' हेच वाक्य एम.टेक.च्या व्हायव्हात गाइडनी मला ऐकवलं होतं.

माझा एफपीजीएवर ८×८ अ‍ॅरे मल्टिप्लायर होता. सगळ्यात लांबचा पाथ २० नॅनोसेकंदांचा. छोट्या पाथवर बफर घालून घालून सगळ्यात जवळचा १४ पर्यंत नेला. सिंथेसिस टूल असे बफर फालतू समजून उडवतं, म्हणून एकेकाला `DONT_TOUCH` लावलं. महिना त्यातच गेला.

आत एका वेळी दोन लाटा, म्हणजे पहिल्या इनपुटचं उत्तर बाहेर पडायच्या आत दुसरं इनपुट सोडायचं, आणि उत्तर दोन क्लॉकनंतर उचलायचं. सेटअप, होल्ड, स्क्यू यांसाठी दोन्ही टोकांना एकेक नॅनोसेकंद सोडला. दोन पिरियड मिळून २१ भरायला हवेत, म्हणजे पिरियड निदान १०.५ हवा. पण मागची लाट एक पिरियड उशिरा निघते आणि १४ नॅनोसेकंदांत दारात उभी राहते. ती यायच्या आत पहिलीचं उत्तर उचललं नाही तर दोन्ही मिसळतात. म्हणून पिरियड १३ च्या वर जाता कामा नये.

व्हायव्हाला मी ११ वर चालवत होतो. बोर्ड तापला, डिले वाढले आणि वरचे बिट चुकायला लागले. गाइड म्हणाले, "क्लॉक कमी कर." पिरियड २० केला, तर उत्तरांचा पार कचरा झाला. "म्हणजे तुझं लॉजिकच चुकलंय," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

लॉजिक बरोबर होतं. नंतर लॅबमध्ये पिरियड २५ ठेवून पाहिलं. एकूण एक उत्तर बरोबर आलं, फक्त एक क्लॉक आधी, कारण आता आत एकच लाट होती. १३ ते २१ हा पट्टाच मेलेला आहे आणि २० त्याच्या आतच येतो. त्या दिवशी ११ चे १२ करायला हवे होते. तुमचं सर्किट बिघडलं तर आधी हे बघा: उत्तरं नुसती सरकलीत, की मिसळलीत? सरकली असतील तर लाटा मोजण्यात चूक आहे. मिसळली असतील तर पिरियड चालणाऱ्या पट्ट्याबाहेर गेलाय.

सगळे का वापरत नाहीत, तर वरचेच आकडे घ्या. तापून डिले १० टक्के वाढले तर पिरियड किमान ११.५ लागतो. गारठ्यात तेवढेच घटले तर ११.६ च्या वर चालत नाही. हातात उरला ०.१. शिवाय सीमॉसमध्ये त्याच गेटचा डिले कुठले इनपुट बदलले त्यावरही हलतो, तो बफर घालून सुटत नाही. स्टॅनफर्डच्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बिटांमधले १ मोजणारा पॉप्युलेशन काउंटर नेहमीच्या अडीचपट क्लॉकवर चालवला, पण तो बायपोलर होता.

आणि हो, माझे आकडे एकाच राउटिंगचे आहेत. पुन्हा प्लेस-अँड-राउट केलं की सगळे पाथ नव्याने मोजावे लागतात. प्रोजेक्ट घेणार असाल तर पिरियड अर्ध्या-अर्ध्या नॅनोसेकंदाने १० पासून २५ पर्यंत फिरवून बरोबर-चूक असा तक्ता करा आणि व्हायव्हात सगळ्यात आधी तोच दाखवा. माझ्याकडे तो ग्रेड लागल्यानंतर तयार झाला.