व्हिडिओत घर सोडायची खूण कोणत्या फुटाला दाखवू?

प्रश्न: पंचगंगेकाठच्या आमच्या गल्लीसाठी पूर-तयारीचा व्हिडिओ करतोय. घर सोडायची खूण ४३ फुटांवर दाखवू का? बॅगेत काय काय?

उत्तर: ४३ वर नको, ३९ वर बॅग दाराशी आणा आणि गल्लीचं तोंड बुडण्याआधी घर सोडा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ धोका पातळी. पण हे आकडे बंधाऱ्याचे आहेत, तुमच्या उंबऱ्याचे नव्हेत. सुतारवाड्यासारख्या सखल भागात लवकर हलावं लागतं. म्हणून २०१९ आणि २०२१ ला बंधाऱ्यावर किती फूट असताना गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, हे जुन्या रहिवाशांना विचारा. समजा ४३ ला आलं होतं, तर व्हिडिओत ४१ लाच 'निघा' लिहा, कारण आधी रस्ता बुडतो, घर नंतर. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की रात्रीची वाट बघू नका.

बॅगेत:
- आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, चिकटपट्टीने बंद केलेल्या प्लास्टिक पिशवीत
- आठवड्याची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट
- टॉर्च, पॉवर बँक, पाणी, चुरमुरे-बिस्किटं, एक जोड कपडे

निघताना मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा. मेनपर्यंत पाणी पोचलं असेल तर मात्र त्याला हात लावू नका, हे ठळक लाल अक्षरांत दाखवा. जनावरं माणसांच्या आधी हलवा. गोठ्यासाठी माणसं मागे थांबतात आणि अडकतात.