‘डच रोग’ आणि ‘चलनवाढ’

प्रश्न : “एका अनुवादात वाक्य आलं आहे : ‘नैसर्गिक वायूच्या निर्यातीमुळे नेदरलँड्समध्ये चलनवाढ झाली व इतर निर्यात उद्योग बुडाले, यास डच आजार म्हणतात.’ डच आजार की डच रोग? आणि निर्यात वाढली तर उद्योग का बुडावेत?”

रोग की आजार हे नंतर पाहू. या वाक्यातला खरा घोटाळा ‘चलनवाढ’ या शब्दात आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे.

मराठीत चलनवाढ म्हणजे महागाई. बाजारात पैसा फार झाला आणि त्याची किंमत उतरली, असा तो अर्थ. काल शंभर रुपयांत येणारी भाजी आज येत नाही, तेव्हा आपण चलनवाढ म्हणतो. नेदरलँड्समध्ये जे घडलं ते जवळजवळ उलट होतं. तिथलं चलन, म्हणजे गिल्डर, परदेशी चलनांच्या तुलनेत महाग झालं. यासाठी आपल्याकडे चांगला रुळलेला शब्द आहे : वधारणे. सोनं वधारतं, शेअर वधारतो, तसा डॉलरच्या तुलनेत रुपया वधारतो. तेव्हा ‘गिल्डर वधारला’ म्हणावं. औपचारिक लेखनात ‘गिल्डरची मूल्यवाढ’ चालेल. अनुवादकाला ‘चलनाची मूल्यवाढ’ म्हणायचं असणार; मधला शब्द गळला आणि अर्थ फिरला.

आता वधारलेलं चलन उद्योगांना का मारतं ते पाहू. नेदरलँड्सच्या उत्तरेला ग्रोनिंगेन प्रांतात 1959 साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. साठच्या दशकात उत्पादन सुरू झालं. वायूची किंमत खनिज तेलाच्या किमतीशी बांधलेली होती, त्यामुळे 1973 नंतर तेल भडकलं तसा वायूचा पैसाही वाढला. परदेशी गिऱ्हाईक वायू घेतो तेव्हा शेवटी त्याचं चलन देऊन गिल्डर विकत घ्यावे लागतात. गिल्डरला मागणी वाढली, गिल्डर वधारला.

एका कारखानदाराच्या हिशेबातून हे स्पष्ट होतं. 1970 मध्ये एका डॉलरचे सुमारे 3.60 गिल्डर मिळत. 1980 पर्यंत ते जेमतेम 2 वर आले. समजा एन्शेडे या कापडगिरण्यांच्या शहरातला कोणी 10 डॉलरला एक चादर अमेरिकेत विकतो आणि ती बनवायला त्याला 30 गिल्डर लागतात. 1970 मध्ये हाती 36 येत, सहा गिल्डर नफा. दहा वर्षांनी त्याच 10 डॉलरचे 20 गिल्डर येतात. नफा सोडा, दहाचा तोटा. खर्च तरी निघावा म्हणून त्याने 15 डॉलर मागितले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या देशाच्या चादरीकडे वळतो. त्याचा माग बिघडलेला नाही, कामगार आळशी नाहीत, मालही तोच आहे. फक्त हिशेबाची पट्टी बदलली.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की डॉलर त्या काळात जर्मन मार्कच्या तुलनेतही पडला होता. ही सगळी घसरण वायूच्या माथी मारता येणार नाही. वायूच्या पैशाने एवढं नक्की केलं की मार्कच्या बरोबरीने उंच राहण्याची ताकद गिल्डरला मिळाली. तसंच कापडाचा धंदा त्या वर्षांत युरोपभर आशियातल्या स्वस्त मालाने हैराण होता. डच गिरण्यांना त्यावर चलनाचा बोजाही वाहावा लागला.

उद्योग बुडण्याची दुसरी वाट चलनातून जात नाही, आणि ती बहुतेक बातम्यांतून निसटते. वायूचा पैसा देशात खर्च होतो : सरकार पगार आणि भत्ते वाढवतं, लोक घरं बांधतात, हॉटेलात जेवतात. चादर परदेशातून आणता येते, पण केस कापायला न्हावी परदेशातून रोज येत नाही. म्हणून न्हावी, गवंडी, भाडं यांचे दर चढतात, आणि त्यांच्यामागून सगळ्यांची मजुरी. चादरवाल्याला मजुरी वाढवावी लागते, पण चादरीचा भाव जगाचा बाजार ठरवतो. दोन्ही बाजूंनी तो चेपला जातो. मॅक्स कॉर्डन आणि पीटर नीरी या अर्थतज्ज्ञांनी 1982 मध्ये या सगळ्याची शास्त्रीय मांडणी केली. त्यात तिसरी वाटही आहे : तेजीतला धंदा कामगार स्वतःकडे ओढून घेतो. पण वायू काढायला माणसं फार लागत नाहीत, त्यामुळे ग्रोनिंगेनच्या बाबतीत तिचं वजन कमीच.

(महागाई आली ती या दुसऱ्या वाटेने, आणि तीही देशात मिळणाऱ्या सेवांत. आयात माल उलट स्वस्त होतो. म्हणूनही ‘चलनवाढ’ हा शब्द इथे दिशाभूल करतो.)

‘डच डिसीज’ हे नाव ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने 26 नोव्हेंबर 1977 च्या अंकात दिलं. 1970 मध्ये 1.1 टक्का असलेली डच बेकारी तोवर 5.1 टक्क्यांवर गेली होती. बाहेरून पाहिलं तर देश सुदृढ, तिजोरी भरलेली, चलन बळकट. आणि आत कारखाने मिटत होते. ही विसंगती हाच त्या नावाचा मुद्दा.

आता रोग की आजार? आपल्याकडे ‘आजारी उद्योग’, ‘आजारी गिरण्या’ हे शब्द रुळले आहेत आणि ते आतून पोखरलेल्या धंद्याला लावतात : कर्ज, जुनी यंत्रं, वाईट कारभार. डच चादरवाला तसा आजारी नव्हता. शिवाय आजार माणसाला होतो. पिकावर पडतो तो रोग. मोठ्या रानावर, आपल्या चुकीवाचून. म्हणून माझं मत ‘डच रोग’ला. एक धोका मात्र आहे. जुन्या वैद्यकात ‘फिरंगरोग’ आहे, फिरंग्यांनी आणलेला. ‘डच रोग’ ऐकून कोणी डचांनी आणलेला असं समजेल. प्रत्यक्षात तो डचांना झालेला. म्हणून पहिल्या वेळी अर्ध्या वाक्यात खुलासा द्यावा. डचांना आपण पूर्वी वलंदेज म्हणत असू आणि वेंगुर्ल्यात त्यांच्या वखारीचे अवशेष आजही आहेत, म्हणून ‘वलंदेजी रोग’ म्हणायचा मोह मलाही होतो. पण आजच्या वाचकाला तो कळणार नाही.

शब्द कुठे लावू नये हेही सांगतो. खनिजाच्या पैशातून भ्रष्टाचार किंवा हुकूमशाही पोसली गेली, तर तो ‘साधनसंपत्तीचा शाप’. विषय शेजारचा, पण वेगळा. गोव्याच्या लोहखनिजाच्या तेजीलाही डच रोग म्हटलेलं मी ऐकतो. गोव्याला स्वतःचं चलन नाही. तिथल्या खनिजाने रुपया वधारत नाही. ट्रक आणि बार्जच्या कमाईने शेतीचे मजूर ओढले गेले असतील तर तेवढा अर्धा भाग लागू होईल. शेतात खाणीचा गाळ येऊन पीक गेलं, ते प्रदूषण. त्याला प्रदूषणच म्हणावं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘नैसर्गिक वायूच्या निर्यातीमुळे गिल्डर वधारला, देशात मजुरी चढली, आणि डच कारखान्यांचा माल परदेशात महाग पडू लागला, नेदरलँड्सला झालेल्या या विकृतीवरून अशा स्थितीला डच रोग म्हणतात.’