नोकरी सोडून ट्रेडिंग? आधी घरखर्च मांडून पाहू

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. वय 29, हातात 38 हजार येतात. गेल्या चार महिन्यांत ऑप्शनमध्ये 62 हजार कमावले. जमिनीचे आलेले 10 लाख बाबा द्यायला तयार आहेत. नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करू का?

सोडू नका. तुमच्या 62 हजारांवर माझा अविश्वास नाही. पण ते कमावताना घरचा किराणा पगारातून येत होता. नोकरी गेली की तो ट्रेडिंगच्या खात्यातून येणार आणि तिथूनच सगळा हिशेब बदलतो.

घरखर्च महिना 35 हजार धरू, म्हणजे वर्षाला 4 लाख 20 हजार. 10 लाखांवर एवढी रक्कम काढायची तर वर्षाला 42 टक्के परतावा हवा, तोही कर भरायच्या आधी. एवढे करूनही मुद्दल जागच्या जागीच राहते, महागाई धरलेली नाही.

आता एक वाईट वर्ष घ्या. 20 टक्के तोटा झाला तर 10 लाखांचे 8 लाख उरले. त्याच वर्षी खाल्लेले 4 लाख 20 हजार वजा केले की हातात राहिले 3 लाख 80 हजार. यातून पुन्हा 10 लाखांवर यायला 160 टक्क्यांहून जास्त नफा लागेल आणि तोवर पोटही याच पैशावर. एकटा 20 टक्के तोटा माणूस पचवतो. तोटा आणि घरखर्च एकाच खात्यातून गेले की ते खाते परत उभे राहत नाही.

आणखी एक गोष्ट मी लोकांची आयकर विवरणपत्रे भरताना पाहतो. पगार असताना माणूस एक लॉट, म्हणजे ठरलेल्या संख्येचा एक गठ्ठा, घेतो आणि तोटा ठरलेल्या मर्यादेला थांबवणारा स्टॉपलॉस पाळतो. पगार थांबला की महिन्याच्या 20 तारखेनंतर हप्ता आठवतो आणि एकाचे चार लॉट होतात. पद्धत तीच, माणूस तोच, पण सौदे वेगळे होतात. म्हणून नोकरीत असतानाच्या नफ्यावरून नोकरी सोडल्यानंतरच्या नफ्याचा अंदाज बांधता येत नाही.

तुमचा नफा ऑप्शन विकून झाला असेल तर चार महिने हा काळच पुरेसा नाही. विकणाऱ्याला बहुतेक दिवस थोडे थोडे मिळत राहते आणि एखाद्या दिवशी सगळे एकदम जाते. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी एका दिवसात जवळपास 6 टक्के पडला. असा दिवस तुमच्या वहीत अजून आलेलाच नाही.

मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते? बाबांच्या 10 लाखांना ट्रेडिंगचा हात लावला नसता, ती त्यांची म्हातारपणाची पुंजी आहे. त्यातले सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बँकेत ठेवीत आणि बाकीचे, पाच-सात वर्षे लागणार नसतील तरच, हप्त्याहप्त्याने निफ्टीसारख्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या इंडेक्स फंडात. ट्रेडिंगसाठी स्वतःच्या पगारातले 50 हजार वेगळे काढा आणि ते संपले तर पुन्हा भरायचे नाहीत असे ठरवा. वर्षभर प्रत्येक सौदा लिहा. वर्षाअखेर सगळे खर्च आणि कर वजा करून उरलेली रक्कम त्याच 50 हजारांवर इंडेक्स फंडाने दिली असती त्या रकमेशेजारी मांडा. ट्रेडिंगची रक्कम कमी भरली तर प्रश्न मिटला. जास्त भरली तरी नोकरी ठेवून आणखी एक वर्ष काढा.

प्रश्न : विश्रामबागेतल्या एका क्लासवाल्या सरांनी मोबाइलवर रोजचा 8-10 हजारांचा नफा दाखवला. आकडे हिरवे दिसत होते. फी 45 हजार आहे. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे असेल?

पडद्यावरचा आकडा खरा असू शकतो. पण तो एका दिवसाचा, एका खात्याचा आणि बहुधा खर्च वजा होण्याआधीचा असतो. दुसऱ्या खात्यात तोटा असेल तर तो तुम्हाला कोण दाखवणार?

खर्च किती ते पाहा. 100 रुपयांचा ऑप्शन, हिशेबापुरता 75 चा लॉट, म्हणजे 7,500 रुपयांचा सौदा. तो त्याच भावाला विकलात तरी दोन्ही ऑर्डरची दलाली साधारण 40 रुपये, त्यावर जीएसटी, विक्रीवर एसटीटी हा सौद्याचा कर (ऑक्टोबर 2024 मध्ये 0.1 टक्का झाला होता), एक्स्चेंजचे शुल्क, स्टॅम्प ड्यूटी, मिळून साठेक रुपये जातात. शिवाय घेताना अर्धा रुपया महाग आणि विकताना अर्धा रुपया स्वस्त मिळाला की आणखी 75 गेले. एका सौद्याला 135 रुपये. दिवसाला पाच सौदे, महिन्याला वीस दिवस, म्हणजे साडेतेरा हजार. दोन लाखांच्या खात्यावर हे महिन्याला पावणेसात टक्के होतात. नफ्याची सुरुवात यानंतर. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा भाव चढो वा पडो, अडत्याची अडत ठरलेली असते, तसेच हे आहे.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के फ्युचर्स-ऑप्शनमध्ये तोट्यात होते. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा झाला तो फक्त 1 टक्क्याला. तुम्हाला दाखवला जाणारा मोबाइल त्या 1 टक्क्यातला असल्याचा पुरावा मागायला हवा. सरांना गेल्या तीन वर्षांचा ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा तक्ता, आणि आयटीआर-3 या विवरणपत्राची प्रत मागा. फ्युचर्स-ऑप्शनचे उत्पन्न व्यवसायाचे असते, ते त्यात दिसलेच पाहिजे. चाळीस विद्यार्थी गुणिले 45 हजार म्हणजे एका तुकडीचे 18 लाख. त्यांचे घर ट्रेडिंगवर चालते की फीवर, ते त्या कागदातच कळेल. आणखी एक, जानेवारी 2025 पासून सेबीने नोंदणी नसलेल्या शिक्षकांना ताजे भाव वापरून शिकवायला मनाई केली आहे. शिकवताना भाव किमान तीन महिने जुने हवेत, असे तेव्हा ठरले होते. क्लासमध्ये लाइव्ह बाजारात ‘आता घ्या’ असे सांगत असतील तर उठून या.

प्रश्न : तासगावहून लिहिते आहे. मिस्टरांचे दोन वर्षांत साडेसहा लाख गेले. आता माझे दागिने तारण ठेवून ‘सगळे भरून काढतो’ म्हणतात. मी काय करू?

ताई, दागिने देऊ नका. त्यांना ठामपणे पण शांतपणे सांगा, कारण ते आधीच घाबरलेले असणार. सेबीच्या त्याच अभ्यासात सलग दोन वर्षे तोटा होऊनही पाऊण हिश्शाहून अधिक लोक ट्रेडिंग करत राहिले होते. तुमच्या घरी चालले आहे ते याच वाटेवरचे आहे. तारणाचे व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते, म्हणजे पुढचा प्रत्येक सौदा आणखी घाईने होणार.

या आठवड्यात दोघांनी मिळून दोन कामे करा. ब्रोकरच्या अॅपमध्ये फ्युचर्स-ऑप्शनचा विभाग बंद करायला लावा. दुसरे, हा तोटा विवरणपत्रात दाखवला आहे का ते तपासा. मुदतीत आयटीआर-3 भरलेला असेल तर फ्युचर्स-ऑप्शनचा तोटा पुढची आठ वर्षे व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. पगारातून मात्र नाही. घरचा बेदाण्याचा किंवा दुसरा व्यापार असेल तर त्याच्या करात खरेच फरक पडेल. साडेसहा लाखांतला एवढाच भाग परत मिळण्याजोगा आहे. एखादे कर्ज त्यांनी लपवलेले आहे का, हेही त्याच बैठकीत विचारा. रागावणार नाही असे आधी सांगून विचारा, म्हणजे खरा आकडा बाहेर येईल.

प्रश्न : कराडमधला ओळखीचा मुलगा पैसे घेऊन स्वतः ट्रेडिंग करतो आणि महिना 5 टक्के देतो. सहा महिने वेळेवर दिले. अजून 3 लाख टाकावे का?

नाही, आणि टाकलेले काढून घ्या. महिना 5 टक्के चक्रवाढीने दहा वर्षांत एक लाखाचे साडेतीन कोटींच्या घरात जातात. असे जमणाऱ्याला तुमच्या 3 लाखांची गरज नसते. सहा महिने वेळेवर मिळालेले पैसे बहुतेक वेळा नव्याने आलेल्यांच्या रकमेतून दिलेले असतात. दुसऱ्याचे पैसे घेऊन गुंतवायला सेबीची नोंदणी लागते आणि पोर्टफोलिओ मॅनेजरकडे किमान 50 लाख लागतात, म्हणजे 3 लाख घेणारा तो नसणारच. मुद्दल मागताना बँकेतूनच परत मागा, रोखीने नको. तो ‘पुढच्या महिन्यात’ म्हणाला तर दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि त्याचे मेसेज जपून ठेवा आणि लगेच पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा.