रोज पनीर, पण रोज वेगळं

प्रश्न: घरचे सगळे पनीरच्या त्याच त्या भाजीला कंटाळलेत. आठवडाभर रात्रीच्या जेवणाला पनीरचे सात वेगळे प्रकार कसे करू?

आमच्याकडे कंटाळा पनीरचा नव्हताच. चौकोनी तुकडे आणि कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, याचा होता. म्हणून आता मी आधी पनीर कुस्करायचं, किसायचं की कापायचं ते ठरवते, मसाल्याचं नंतर बघते.

आम्ही चौघं. रविवारी २ लिटर म्हशीचं दूध लिंबू पिळून फाडलं की साधारण ४०० ग्रॅम पनीर निघतं. अर्धं नुसतं फडक्यात निथळून त्याच रात्री भुर्जी आणि पाव. उरलेल्या अर्ध्यावर तासभर वजन ठेवते आणि मग डब्यात पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये. पाणी रोज बदलायचं. तीन दिवसांच्या पुढे मी ठेवत नाही; आंबूस वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागलं तर सरळ टाकून द्यायचं. सोमवारी त्यातलं मूठभर किसून भाजणीच्या थालीपिठात.

मंगळवारी रवा फ्राय, अगदी सुरमईसारखं. मुलांनी हेच परत मागितलं. अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या कापून कापडाने टिपून घ्यायच्या. मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि चमचाभर कोकम आगळ चोळून वीस मिनिटं ठेवायचं. पनीरमध्ये मसाला आतपर्यंत मुरत नाही, म्हणून चकती जाड नको. मग रवा आणि तांदळाच्या पिठीत घोळवून मध्यम आचेवर थोड्या तेलात दोन्ही बाजू खरपूस. पहिल्यांदा माझा सगळा रवा तव्यावरच राहिला होता, कारण पनीर नीट दाबलं नव्हतं आणि पाणी सुटत होतं. सोबत भात आणि सोलकढी.

बुधवारी पुन्हा २ लिटर दूध. त्या रात्री मसालेभातात तोंडल्याऐवजी पनीर, पण तुकडे भात शिजल्यावर वरून घालून फक्त एक वाफ द्यायची. पनीर चीजसारखं वितळत नाही, जास्त शिजवलं की रबर होतं. गुरुवारी मटार घालून काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट भाजून वाटायचं, टोमॅटो अजिबात नको, नाहीतर फिरून तीच चव. इथेही पनीर गॅस बंद करायच्या आधी दोनच मिनिटं. शुक्रवारी लसणीची फोडणी दिलेलं पालक पनीर, पालक थोडा जास्तच करायचा.

कारण शनिवारी तोच पालक कढईत कोरडा होईपर्यंत आटवून, उरलेलं पनीर त्यात किसून पराठे. कणीक भिजवायला बुधवारी दूध फाडल्यावर निथळलेलं पाणी बाटलीत भरून ठेवलेलं असतंच.