‘खूप नुकसान झालं’ हे कशावरून कळलं?

प्रश्न: मी माझ्या गावाबद्दल, घराबद्दल लिहितो. भाषा बरी आहे, पण वाचणारे म्हणतात, ‘हे कुठल्याही गावाबद्दल असू शकतं.’ परिच्छेद वाचताना तिथं कुणीतरी राहिलंय असं वाटायला काय करावं?

उत्तर:

मी सांगलीत राहतो. शेजारची अकरावीतली मुलगी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी महापुरावर लेख लिहीत होती. तिनं दाखवलेला पहिला परिच्छेद असा होता:

‘२०१९ च्या महापुराने सांगलीकरांचे अतोनात हाल केले. डोळ्यांदेखत होत्याचे नव्हते झाले. अनेकांचे संसार वाहून गेले, खूप नुकसान झाले. या कठीण काळात माणुसकीचे दर्शन घडले. पूर ओसरल्यावर सांगली पुन्हा नव्या उमेदीने उभी राहिली.’

यात खोटं काहीच नाही. पण सांगली खोडून चिपळूण लिहा, २०१९ च्या जागी २०२१ लिहा. एकही शब्द बदलावा लागत नाही. तुमच्या परिच्छेदावर हे आधी करून बघा. गावाचं नाव बदलूनही जे वाक्य तसंच खरं राहतं, ते तुम्ही ऐकलेलं असतं, पाहिलेलं नसतं.

मी तिला एकच प्रश्न विचारत गेलो: हे तुला कशावरून कळलं? ‘खूप नुकसान झालं’, कशावरून? पहिल्यांदा ती म्हणाली, ‘काका, सगळ्यांचंच झालं की.’ म्हटलं, सगळ्यांचं राहू दे, तुला कधी कळलं ते सांग. मग ती थांबून म्हणाली, ‘दार उघडायच्या आधी. ज्वारीचा वास आला.’

पुढचं सगळं त्या वासामागून निघालं. ज्वारी कुठं ठेवली होती? कॉटवर. कॉटवरच का? कारण २००५ च्या पुराची खूण तिच्या बाबांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं ओढून ठेवली होती, आणि त्या खुणेच्या वर ठेवलं की सामान वाचतं असा घरातल्या सगळ्यांचा हिशोब होता. शहरात हजारो घरांनी तोच हिशोब केला होता. २००५ ला पाणी जिथं थांबलं, तिथंच ते थांबेल असं धरून माणसं राहिली, आणि २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी त्याहून वर, ५७ फुटांपलीकडं गेलं. म्हणजे ‘नुकसान’ या शब्दाखाली एक निर्णय दडलेला होता: काय उचललं, कुठं ठेवलं, आणि का. वाचणाऱ्याला फ्रिज भिजल्याचं कळून जेवढं वाटत नाही, तेवढं या चुकलेल्या अंदाजाचं वाटतं.

दुसरी गोष्ट तिथल्या मापाची. पुराचं पाणी सांगलीकर ‘खूप’ किंवा ‘कमरेइतकं’ असं सांगत नाही, आयर्विनचे फूट सांगतो. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि त्यापलीकडं आपल्या उंबऱ्याला किती फुटांना पाणी लागतं हा आकडा प्रत्येक घराला पाठ असतो. हे माप लेखात आलं की लिहिणारी इथलीच आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या गावातही असं माप असणारच. पाऊस, ऊस, अंतर, उधारी, लोक कशात मोजतात ते आठवा आणि त्यातच लिहा.

दुसरा खर्डा मात्र बिघडला, आणि तो दोन तऱ्हांनी बिघडला. एक म्हणजे तिनं घरातली प्रत्येक भिजलेली वस्तू लिहिली. सोफा, टीव्ही, मिक्सर, शाळेचे दाखले, आजीची नऊवारी, अशा चौदा वस्तू. पंचनाम्यात ते ठीक आहे, पण वाचणारा पाचव्या वस्तूला थकतो आणि ज्वारी त्यात हरवते. आम्ही बाकीच्या तेरा काढल्या. कुठला तपशील ठेवायचा हे ठरवताना मी बघतो की तो काढला तर पुढचं काही अडतं का. लाल खूण काढली तर ज्वारी वीतभर वर का ठेवली हे कळतच नाही, म्हणून ती हवी. मिक्सर काढून काहीच अडलं नाही.

दुसरा बिघाड जास्त गंभीर होता. तिनं लिहिलं होतं, ‘भिंतीवरचं घड्याळ पाणी शिरलं त्या क्षणी थांबलं होतं.’ वाक्य देखणं होतं. मी विचारलं, घड्याळ किती उंचीवर? छताजवळ. पाणी तिथवर गेलं? नाही. मग सेलवरचं घड्याळ का थांबेल? तिनं ते रचलं होतं. रचलेला तपशील बहुतेक असाच सापडतो: त्याला कारण नसतं आणि तो प्रसंगात फार नेमका बसतो. खरा तपशील थोडा आडमुठा असतो. पूर म्हटल्यावर ज्वारीचा वास कुणाला आधी सुचणार नाही.

शेवटी परिच्छेद असा झाला:

‘आयर्विनला ५२ फूट झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं. २००५ ला ते आत दोन फूट चढलं होतं. बाबांनी तेव्हाची खूण स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल रंगानं ओढून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही कॉटखाली विटा लावल्या, ज्वारीची दोन पोती त्या खुणेच्या वीतभर वर येतील अशी ठेवली आणि घर सोडलं. नवव्या दिवशी परतलो तेव्हा दार फुगून बसलं होतं. बाबा खांदा लावत होते, आणि दार उघडायच्या आधीच ज्वारीचा वास आला.’

यात ‘हाल’ नाही, ‘उद्ध्वस्त’ नाही. पाण्याचे आकडे दोनच आहेत, ५२ आणि दोन, आणि ते मिळून २००५ ची ५४ फुटांच्या आसपासची पातळी येते. हे जरूर तपासा. उंबरा ४५ ला बुडतो असं लिहिलं असतं तर २००५ ला घरात दोन फूटच पाणी कसं, हे सांगलीतल्या वाचकानं लगेच विचारलं असतं.

‘माणुसकीचे दर्शन’ या शब्दांनाही तोच प्रश्न लावला. पुरात तिच्या घरचे सांगलीतल्याच विश्रामबागेत लांबच्या नात्यातल्या एका मावशींकडं राहिले होते. दुसऱ्या सकाळपासून मावशींनी आजीसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवायला सुरुवात केली. आजीला मधुमेह आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी औषधाची पट्टी पाहिली होती. एवढं लिहिलं आणि ‘माणुसकी’ हा शब्द काढून टाकला.

जे तुम्ही पाहिलेलं नाही, ते पाहिल्यासारखं लिहू नका. २००५ ला ही मुलगी तान्ही होती. त्या रात्रीचं वर्णन तिनं ‘बाबा सांगतात’ असं म्हणून दोन वाक्यांत केलं, आणि ते पुरेसं झालं. आणि प्रत्येक वाक्यात तपशील भरायचाही नसतो. ‘आम्ही आठ दिवस विश्रामबागेत होतो’ हे साधं वाक्य साधंच ठेवलं, कारण त्याचं काम फक्त पुढं नेण्याचं आहे.

उरलं होतं ते शेवटचं, ‘सांगली पुन्हा उभी राहिली’. कशावरून, असं विचारल्यावर तिला उत्तर आलं नाही. ती घरी गेली आणि संध्याकाळी परत आली. बाबांनी भिंतीवर नवी खूण ओढली आहे म्हणाली, तिच्या खांद्याच्याही वर, आणि धान्यासाठी त्या खुणेच्या वर कडाप्प्याची फळी बसवून घेतली आहे. रोज समोर असून तिनं ती लिहिली नव्हती. जुनी खूण पुसली का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, दोन्ही आहेत.