सुईचं टोक एकाच भिंतीकडे

प्रश्न: टॉर्च-चेंडूने दिवसरात्र जमते, पण ऋतू मुलांना कसे दाखवू? (साताऱ्याची शाळा, पाचवी)

चेंडूत विणकामाची सुई आरपार घालून थोडी कलती धरायला द्या, साधारण साडेतेवीस अंश. पृथ्वी झालेलं मूल टॉर्चभोवती फिरताना स्वतः वळतं आणि सुईही नकळत वळवतं. मग ऋतू दिसतच नाहीत. म्हणून सुईचं वरचं टोक सतत अजिंक्यताऱ्याकडच्या भिंतीकडेच ठेवायला सांगा. बाकीच्यांनी तेवढंच पाहायचं. टॉर्च मात्र मुलामागे वळवत राहा.

टोक टॉर्चकडे कललं की जून, समोरच्या बाजूला डिसेंबर. दोन्हीकडे चेंडू सुईभोवती फिरवा. चेंडूवर साताऱ्याच्या जागी एक टिकली लावा. तिच्यावर फरक कमीच दिसेल, कारण आपला दिवस जूनमध्ये सुमारे 13 तास, डिसेंबरमध्ये 11. दुसरी टिकली वरच्या टोकाजवळ लावा. डिसेंबरात ती उजेडात येतच नाही.