गल्ल्यातनं घरी नेलेले पैसे खर्च नसतात रे

अरे, नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र टाकलंयस ते मस्त, पण वही बघितली तुझी, पोराची १२,००० फी दुकानाच्या खर्चात टाकलीस? कायद्याने तू आणि दुकान एकच, कर्ज बुडालं तर बँक तुझ्याच दारात येणार, पण हिशोबात दोघं वेगळे धरायचे. ती फी म्हणजे तुझी उचल, उचल खातं नावे, रोख जमा, वर्षअखेरीस भांडवलातून वजा. खर्चात टाकलीस तर नफा तेवढाच कमी दिसतो आणि धंदा खरंच चालतोय का तेच कळत नाही.

आता दुसरं. तुझ्या पोळीवाल्या मावशी उद्या सोडून गेल्या तर अर्धं गिऱ्हाईक जाईल, पण ताळेबंदात त्या कुठेच नाहीत, फक्त पगार दिसतो. कारण त्यांच्या हाताची किंमत रुपयात मांडता येत नाही ना! दुकानाच्या नावाचं पण तसंच, तू कमावलेलं गुडविल तू स्वतः लिहायचं नाही. समजा कोणी सामान-फ्रीज धरून ५ लाखांची निव्वळ मालमत्ता ७ लाखांना घेतली, तर वरचे २ लाख गुडविल म्हणून त्याच्या वहीत चढतील. त्यामुळे उद्या तूच दुसऱ्याचं असं दुकान विकत घेणार असशील, तर नुसता ताळेबंद बघू नकोस, मावशी राहणारेत का ते आधी विचार.